बँकेच्या भरणा स्लिपचे वाचन : छायाचित्रातून चार नोंदी कशा काढाव्यात



गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील अनेक गृहनिर्माण संस्थांमध्ये आजही काही सभासद मासिक देखभाल शुल्क रोखीने भरतात. ते बँकेच्या शाखेत जाऊन संस्थेच्या खात्यात पैसे जमा करतात आणि हाताने भरलेल्या स्लिपचे छायाचित्र खजिनदाराला मोबाईलवर पाठवतात. त्या छायाचित्रावरून खजिनदाराला चार गोष्टी नोंदवायच्या असतात : पैसे कोणाच्या नावे जमा झाले, किती झाले, कोणत्या तारखेला झाले आणि खाते कोणत्या प्रकारचे होते. पाचपन्नास सभासद असतील तर हे काम संगणकाकडे सोपवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र रकमेतील एक अंक चुकीचा वाचला गेला, तर पैसे भरूनही सभासदाच्या नावावर बाकी दिसते, तिच्यावर व्याज चढते, आणि थकबाकीदार ठरलेल्या सभासदाला संस्थेच्या व्यवस्थापक समितीवर निवडून येता येत नाही. म्हणून हे वाचन नेमके कसे होते आणि कोठे फसते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रस्तुत पाठात आपण या प्रश्नाकडे भाषेच्या अंगाने पाहणार आहोत. स्लिपमधील कोणताही एक रकाना एकटा घेऊन खात्रीने वाचता येत नाही. तिच्यातील एक भाग दुसऱ्या भागाची साक्ष देतो, आणि ती साक्ष काढणे हेच येथील खरे वाचन होय.

छायाचित्रापासून ओळीपर्यंत

संगणकाकडे येणारे छायाचित्र क्वचितच सरळ असते. ते काउंटरवर घाईने, वाकडे धरून, हाताच्या सावलीत काढलेले असते. पहिली पायरी म्हणून कागदाचे चार कोपरे शोधून प्रतिमा ताणून चौकोनी केली जाते. दुसरी पायरी छापील भाग ओळखण्याची. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार ग्राहकांनी वापरावयाचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असावे लागते. त्यामुळे मुंबईतील स्लिपवर एकाच रकान्याची तीन लेबले दाटीवाटीने छापलेली आढळतात. वाचकाला हे कटकटीचे वाटते, संगणकाला मात्र उपकारक ठरते. छापील अक्षरे ओळखणे सोपे असल्याने ‘अक्षरी रुपये’ किंवा ‘दिनांक’ हे शब्द सापडले की त्यांच्या संदर्भाने हस्तलिखित मजकुराची जागा ठरवता येते.

येथेच देवनागरीची पहिली अडचण येते. स्लिपवरील ठिपक्यांची रेघ रोमन लिपीच्या सवयीने आखलेली असते, म्हणजे अक्षरे तिच्यावर बसतील अशा हिशेबाने. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. शाळेत एकेरी रेघांच्या वहीवर लिहायला शिकलेली अनेक माणसे छापील रेघेलाच शिरोरेषा मानून तिच्याखाली लिहितात. मग ‘रेघेच्या वरचा पट्टा कापून घ्या’ अशी सूचना दिलेल्या प्रणालीच्या हाती कोरा कागद लागतो, आणि रक्कम खालच्या रकान्यात जाऊन बसते. रकाना रिकामा निघाला की आधी रेघेखालची जागा पाहावी. तो खरोखरच रिकामा होता असे लगेच मानू नये.

अंकी रक्कम : लिपी कोणती?

अंकांची रक्कम सर्वांत सोपी असावी असे वाटते, कारण चिन्हे दहाच आहेत. परंतु मुंबईत एकाच शाखेत एक ग्राहक देवनागरी अंक लिहितो आणि दुसरा रोमन. दोन्ही लिपींतील काही चिन्हे दिसायला जवळची आहेत, पण त्यांची मूल्ये वेगळी आहेत. देवनागरी १ हा रोमन 9 सारखा दिसतो. घाईत लिहिलेला देवनागरी ५ रोमन 4 कडे झुकतो. वरची टोके जुळली की देवनागरी ४ हा रोमन 8 होतो.

आपण एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक अडचण नेहमी भेटणारी आहे. परळमधील ‘अबक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ या संस्थेच्या खात्यात एका सभासदाने काही महिन्यांची थकलेली रक्कम भरली आहे. अंकी रकान्यात पाच चिन्हे आहेत : १५४५० आणि पुढे तिरकी रेघ व आडवी रेघ. हीच चिन्हे देवनागरी मानली तर रक्कम पंधरा हजार चारशे पन्नास होते. रोमन मानली तर ती 94840, म्हणजे चौऱ्याण्णव हजार आठशे चाळीस होते. चिन्हे तीच असताना रकमेत जवळजवळ ऐंशी हजारांचा फरक पडतो.

प्रत्येक अंक सुटा ओळखणारी प्रणाली आणखी वाईट चूक करते. ती पहिले चिन्ह रोमन 9 ठरवते, दुसरे देवनागरी ५ ठरवते आणि मिश्र संख्या तयार करते. ही चूक पुढे कोणी पकडेल अशी आशा व्यर्थ आहे. पायथॉन या संगणकभाषेत पुढील दोन्ही ओळी बिनतक्रार चालतात :

```
int("१५४५०")   # 15450
int("9५४५०")   # 95450
```

दुसऱ्या ओळीत दोन लिपींची सरमिसळ आहे, तरी संगणकाने ती मुकाट्याने संख्या म्हणून स्वीकारली. म्हणून नियम असा ठेवावा लागतो की लिपीचा निर्णय संपूर्ण रकान्यासाठी एकदाच घ्यायचा, अंकागणिक नाही. त्यासाठी असा अंक शोधावा ज्याचे रूप दुसऱ्या लिपीत नाही. देवनागरी ६ किंवा ८ एकदा जरी दिसला तरी सारा रकाना देवनागरी ठरतो. रोमन 5 किंवा 7 दिसला तर रोमन. आपल्या उदाहरणात दुर्दैवाने असा एकही निर्णायक अंक नाही. शून्य दोन्ही लिपींत सारखेच.

शेवटच्या तिरक्या रेघेबद्दलही सावध असावे. रकमेपुढे कोणी अंक वाढवू नये म्हणून आपण ती ओढतो. संगणकाला ती रोमन 1 वाटू शकते आणि पाच अंकी रक्कम सहा अंकी होऊन बसते.

अक्षरी रक्कम : मराठीची गुंतागुंत आणि तिचा उपयोग

आता अक्षरी रकान्याकडे वळू. रक्कम दोनदा लिहिण्याची पद्धत जुनी आहे. हुंडीच्या मजकुरात रक्कम सांगून पुन्हा तिची निमपट सांगत आणि तिची दुप्पट द्यावी असे लिहीत. हेतू तोच, एका लेखनाने दुसऱ्याला सांभाळावे. चेकसारख्या दस्तऐवजांत अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य मानावी, असे १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ सांगते. भरणा स्लिप हा त्या अर्थाने पराक्राम्य संलेख नव्हे. तरी या नियमामागचा विचार आपल्याला उपयोगी पडतो. अंक एका फटकाऱ्याने बदलतो. शब्दाला अनेक अक्षरे असतात, आणि त्यांतील एखादे पुसले तरी शब्द ओळखता येतो.

मराठी संख्यावाचक शब्दांच्या बाबतीत मात्र हे विधान जपून करावे लागते. इंग्रजीत वीस ते नव्व्याण्णव या संख्या दशकाचा शब्द आणि एककाचा शब्द शेजारी ठेवून होतात. मराठीत एक ते शंभर हे शब्द जवळजवळ पाठच करावे लागतात, कारण दशक आणि एकक एकमेकांत मुरलेले असतात. एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न यांची शेपटी सारखीच, फरक फक्त डोक्यात. तेथे शाईचा डाग पडला तर दशक कळते, एकक कळत नाही. ‘एकोण’ची तऱ्हा आणखी निराळी. एकोणसाठमधील ‘एकोण’ ओळीच्या शेवटी तुटला आणि ‘साठ’ पुढच्या ओळीत गेला, तर साठ ही पूर्णपणे शक्य वाटणारी चुकीची संख्या मिळते. पुन्हा हा नियम एकोणनव्वदपर्यंतच चालतो, नव्व्याण्णव त्यात बसत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला, तो आपल्याला आठवत असेल. शाळेत कोणती पद्धत बरी, हा प्रश्न येथे आपला नाही. परंतु अक्षरी रक्कम वाचणाऱ्या यंत्राला त्या जोडाक्षरांचा जाच वाटला असता, यात शंका नाही.

दुसरी मराठी खासियत अपूर्णांकांची. आपण पंधराशे न लिहिता ‘दीड हजार’ लिहितो, बारा हजार पाचशे न लिहिता ‘साडेबारा हजार’. येथे साडे, सव्वा, पावणे हे शब्द ज्या एककाला लागतात त्याच्या पटीत मोजायचे असतात. साडेतीनशे म्हणजे तीनशे पन्नास, आणि साडेतीन हजार म्हणजे तीन हजार पाचशे. सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस. पावणेदोन लाख म्हणजे एक लाख पंचाहत्तर हजार. ‘साडे’ ओळखता न आल्याने प्रणालीने तो शब्द नुसता गाळला, तर साडेबारा हजारांचे बारा हजार होतात. ही चूक विशेष घातक आहे, कारण उरलेली रक्कम निर्दोष दिसते. म्हणून अक्षरी रकान्यात अनोळखी शब्द आला तर तो गाळण्याची मुभा प्रणालीला देऊ नये. सगळे शब्द जुळले तरच रक्कम मान्य करावी. अपवाद ‘रुपये’, ‘फक्त’ आणि ‘मात्र’ यांचा.

असे असले तरी अक्षरी रकान्याची एक मोठी सोय आहे. तेथे येऊ शकणारे शब्द ठरलेले आहेत. शंभरापर्यंतच्या संख्या, शे, हजार, लाख, अपूर्णांकाचे चारपाच शब्द, आणि प्रत्येकाची प्रचलित लेखनरूपे : सेहेचाळीस आणि शेहेचाळीस, अठ्ठावीस आणि अठ्ठाविस. क्रमही ठरलेला आहे, लाखानंतर हजार, हजारानंतर शे. म्हणजे हे एक छोटेसे, बंदिस्त व्याकरण आहे, आणि त्यात न बसणारे वाचन सुरुवातीलाच बाद करता येते.

आपल्या स्लिपवर अक्षरी ओळ अशी वाचली गेली : ‘पंधरा हजार’ स्पष्ट, पुढचा शब्द ‘चारशे’ किंवा ‘सातशे’, आणि शेवटी ‘पन्नास फक्त’. शिरोरेषा न देता लिहिलेले ‘चार’ आणि ‘सात’ किती जवळ येतात, ते आपण स्वतः लिहून पाहावे. म्हणजे अक्षरी रकान्याकडून दोन उमेदवार मिळाले, १५,४५० आणि १५,७५०. अंकी रकान्याकडून मिळाले होते १५,४५० आणि ९४,८४०. दोन्ही यादींत एकच रक्कम सामाईक आहे. अंकांतील संशय आणि शब्दांतील संशय वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने ते एकमेकांना छेदतात. दोन्हींत एकाच जागी संशय असता तर हा उपाय चालला नसता.

नोटांचा तपशील : तिसरा साक्षीदार

रोख भरण्याच्या स्लिपवर नोटांचा तक्ता असतो. आपल्या स्लिपवर पाचशेच्या ३०, दोनशेच्या २ आणि पन्नासची १ नोट लिहिली आहे. गुणाकार करू : १५,००० अधिक ४०० अधिक ५०, म्हणजे १५,४५०. तिसरी साक्ष जुळली.

हा तक्ता केवळ बेरजेपुरता उपयोगी नाही. त्यातील नोटांचे आकडे छापील असल्याने ते निःसंशय असतात, आणि संख्या लहान असल्याने चुकीला वाव कमी राहतो. रक्कम जर ९४,८४० असती तर शेवटच्या चाळीस रुपयांसाठी वीस किंवा दहाच्या ओळीत काही तरी लिहिलेले असायला हवे होते. त्या ओळी कोऱ्या आहेत. शिवाय २०२४ मध्ये एका दिवसात पन्नास हजारांहून अधिक रोख भरताना पॅन क्रमांक द्यावा लागत असे, आणि तो रकानाही कोरा आहे. ही शेवटची खूण दुय्यम समजावी, कारण खात्याला पॅन आधीच जोडलेला असेल तर लोक रकाना रिकामा सोडतात.

तिन्ही साक्षी जुळल्या नाहीत तर काय करावे? बहुमताने निर्णय घेण्याचा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा. अंक आणि शब्द जुळतात पण नोटांची बेरीज जुळत नाही, असे झाले तर त्याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की सभासदाने घरी स्लिप भरली आणि काउंटरवर नोटा कमी-जास्त निघाल्या. तेथे चूक वाचनाची नसून लेखनाची आहे, आणि ती कोणत्याही प्रणालीला घरबसल्या सोडवता येणार नाही. अशी स्लिप माणसाकडे पाठवावी आणि बँकेच्या पासबुकातील नोंद पाहावी. रोकड मोजणाऱ्या कॅशियरने स्वीकारलेली रक्कम हीच अखेर खरी.

दिनांक : निश्चित झालेल्या अंकाचा आधार

रक्कम आधी का सोडवली, ते येथे कळेल. आपल्या स्लिपवरील दिनांकात दोन तिरक्या रेघा आहेत, शेवटी २४ आहे, आणि पहिली दोन चिन्हे प्रत्येकी १ किंवा ९ असू शकतात. देवनागरी १ आणि ९ यांचा गोंधळ हस्तलेखनात नेहमीचा आहे. म्हणजे चार शक्यता : १ जानेवारी, ९ जानेवारी, १ सप्टेंबर आणि ९ सप्टेंबर २०२४.

रकमेतील पहिले चिन्ह देवनागरी १ आहे, हे आता सिद्ध झाले आहे. याच हाताने, याच पेनाने लिहिलेल्या १ चा नमुना आपल्याजवळ आला. दिनांकातील दोन्ही चिन्हे परस्परांशी जुळतात, पण या नमुन्याशी जुळत नाहीत, कारण त्यांच्या शेपटीला डावीकडे आणखी एक गाठ आहे. म्हणून ती दोन्ही ९, आणि तारीख ९ सप्टेंबर २०२४. जुन्या पोथ्यांचे संपादक लेखकाचे एखादे अक्षर निश्चित स्थळावरून ओळखून मग संशयित स्थळ वाचतात, तीच ही रीत.

बाहेरचा पुरावाही तपासता येतो. काउंटरफॉईलवरील शिक्क्यात दिवस पुसट आहे, पण महिना सप्टेंबर असल्याचे वाचता येते. त्याने जानेवारीच्या दोन्ही शक्यता गळतात. १ सप्टेंबर २०२४ हा रविवार होता आणि ९ सप्टेंबर सोमवार. रविवारी शाखेत सहसा रोख भरता येत नाही. मात्र या युक्तिवादाची मर्यादा लक्षात घ्यावी. सभासदाने रविवारी घरी बसून स्लिप भरली असेल, तर लिहिलेली तारीख रविवारची असणे अशक्य नाही. लिहिलेली तारीख आणि शिक्क्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खजिनदाराच्या वहीत जाते ती शिक्क्याची. छायाचित्राच्या फाईलमधील वेळेवरही विसंबू नये, कारण मेसेजिंग ॲपमधून आलेल्या छायाचित्रातून मूळ वेळ बहुधा गळून पडलेली असते.

नाव आणि खात्याचा प्रकार

नावाबद्दल थोडक्यात. स्लिपवर दोन नावे असतात, खातेदाराचे आणि भरणा करणाऱ्याचे. आपल्याला पहिले हवे असते, पण दुसरे अधिक ठळक सहीने आलेले असते. संख्यांचे शब्द मोजके आहेत, नावे अमर्याद. म्हणून नाव अक्षरन् अक्षर वाचण्याचा अट्टहास न करता खाते क्रमांक वाचावा आणि संस्थेच्या माहीत असलेल्या खात्यांच्या यादीशी नाव ताडून पाहावे. ‘सह. गृह. संस्था मर्या.’ यासारखी संक्षिप्त रूपे यादीत आधीच घालून ठेवावीत. तुलना करताना संगणकाच्या चिन्हांऐवजी अक्षरे मोजावीत. ‘संस्था’ हा शब्द आपल्या दृष्टीने दोन अक्षरांचा आहे, संगणकात तो सहा चिन्हांचा असतो. एक अक्षर बिघडले तर संगणकाला तीनचार चुका दिसतात आणि योग्य नावही नाकारले जाते.

खात्याच्या प्रकाराचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. ‘बचत / चालू / कर्ज’ असे छापलेले असते आणि त्यावर एक खूण असते. पण काही स्लिपांवर लागू असेल त्यावर बरोबरची खूण करायची असते, आणि काहींवर लागू नसेल ते खोडायचे असते. दोन्हींत शाई एखाद्या शब्दावरच पडते, अर्थ मात्र नेमका उलटा होतो. येथे खुणांची संख्या मोजावी. तीन शब्दांपैकी दोनांवर शाई असेल तर ते खोडणे आहे, आणि उरलेला कोरा शब्द हेच उत्तर. एकावरच असेल तर ती निवड असण्याचा संभव अधिक, पण छापील सूचना वाचल्याशिवाय निर्णय देऊ नये. आपल्या स्लिपवर ‘चालू’ आणि ‘कर्ज’ या दोन्हींवर आडव्या रेघा आहेत. खाते बचत.

सर्व मिळून हाती येणारी नोंद अशी :

```
{
  "payee": "अबक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित",
  "amount": 15450,
  "date": "2024-09-09",
  "account_type": "बचत"
}
```

या नोंदीसोबत प्रत्येक उत्तर कोणत्या साक्षींवर ठरले, तेही जपून ठेवावे. सहा महिन्यांनी सभासदाने विचारणा केली, तर खजिनदाराला नुसती संख्या दाखवून भागणार नाही.

स्वयंअध्ययनासाठी

एका स्लिपवर अंकी रक्कम ७५०० अशी वाचली जाते. अक्षरी ओळीत ‘सात हजार’ स्पष्ट आहे आणि ‘सात’च्या आधी शाईचा डाग आहे. नोटांच्या तक्त्यात पाचशेच्या १५ किंवा १४ नोटा लिहिलेल्या दिसतात. डागाखाली कोणता शब्द असावा, आणि अंकी रकान्याची लिपी कोणती, हे कारणांसह लिहा. पाचशेच्या १४ नोटा हेच वाचन खरे निघाले, तर ही स्लिप आपण स्वतः निकालात काढाल की बँकेकडे विचारणा कराल?